निळ्या नाकाचे जोड

"वाढीची जागा ठेवा हं, उस्ता," असं दुकानात शिरता शिरता न म्हणणारी आई अलेक्झांड्रियात अजून जन्माला यायची आहे.

उस्ता इन्शिराहचं उत्तरही ठरलेलं. ती मान वर करत नाही, फक्त उजव्या हाताची करंगळी पुढे करते आणि अंगठ्याने तिच्या नखाचं टोक दाखवते. "एवढी. याहून मोठी जागा हवी असेल तर समुद्राकाठी फ्लॅट बघा. इथे बॅलेचे शूज मिळतात."

मनशियाच्या बाजारात, रिबिनी-टिकल्या-बटणांच्या बोळात तिचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन स्टुलं, एक पंखा आणि छतापर्यंत खोकी. एका स्टुलावर ती, दुसऱ्यावर पाय घेऊन आलेलं मूल. आई आत मावत नाही. आईने बोळातच उभं राहायचं, बटणवाल्या अम्म फतूहच्या, म्हणजे फतूहकाकाच्या, परातींना धक्का न लावता. हे जमत नाही, आणि मग अम्म फतूह ओरडतो, "अहो बाई, माझी शिंपल्याची बटणं! तुमच्या मुलीने नाचायचंय की तुम्ही?"

तिला 'उस्ता' म्हणतात, कारण तिचे वडील उस्ता होते, म्हणजे हातात कसब असलेले कारागीर. नाटकवाल्यांचे, सर्कशीतल्यांचे, बॅलेवाल्यांचे बूट शिवायचे. ते गेले आणि ती त्याच स्टुलावर बसली, तेव्हा गिऱ्हाइकं विचारायची, "उस्ता कुठेत?" ती म्हणायची, "त्यांच्याच मांडीवर पाय ठेवलाय तुम्ही." हळूहळू सवय झाली. आता ती बासष्ट वर्षांची आहे, भुवया मेंदीने रंगवते, चहात चार चमचे साखर घालते, आणि पायाचा नंबर विचारणाऱ्या माणसाकडे असं बघते की तो स्वतःच्या पायांची माफी मागतो.

"नंबर खोक्याला असतो," ती म्हणते. "पायाला बोटं असतात."

तिची पद्धत जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. तिच्या पायाशी एक पत्र्याचा डबा असतो. त्यात प्रत्येक नंबरचा एकेक जुना जोड. हे विकायचे नाहीत, फक्त घालून बघायचे. या जोडांची नाकं निळी आहेत, कारण मूल आलं की उस्ता कपड्यांना घालायची नीळ चिमूटभर घेते आणि बोटाने जोडाच्या आत, अगदी पुढच्या भिंतीला चोळते. मग मुलाला दुकानातले पांढरे मोजे, वर तो जोड, आणि हुकूम: "उभी राहा. दोन्ही पायांवर सारखं वजन. आता गुडघे वाक." या गुडघे वाकवण्याला बॅलेत प्लिए म्हणतात. त्यात पाऊल सगळ्यात लांब होतं, बोटं पुढे सरकतात. "आता सरळ हो. आता पाऊल ताण." ताणलेल्या पावलाच्या टाचेमागे ती चिमूट घेते. किंचित कापड हातात आलं तर ठीक, मूठभर आलं तर नाही.

मग जोड काढायचा आणि मोजा वाचायचा.

अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या टोकाला निळा ठिपका, बाकीच्यांना ज्याच्या त्याच्या पायाच्या ठेवणीप्रमाणे फिका किंवा नाही, याचा अर्थ बोटं आडवी, सरळ पसरून भिंतीला नुसती टेकलीयेत. हाच जोड. ठिपके टोकाऐवजी वर, पेरांवर आणि नखांवर असतील, तर बोटं आत वाकली आहेत. जोड लहान. आणि मोजा पांढराच्या पांढरा निघाला, तर नीळ आतच राहिली, कुणी तिथपर्यंत पोचलंच नाही. जोड मोठा. पोर बोलो न बोलो. पोरं खोटं बोलतात, कारण गुलाबी रंग आवडलेला असतो. आया खोटं बोलतात, कारण त्या आया असतात. मोजा बोलत नाही, फक्त निळा होतो.

मी त्या वर्षी बॅलेच्या शाळेत नवी लागले होते. हजेरी घेणं, पियानोवाल्याला वेळेवर जागं करणं आणि मदाम सुहेरचे निरोप पोचवणं हे माझं काम. मदाम सुहेर रशियन बाईंच्या हाताखाली शिकलेल्या. पाठ अशी ताठ, की खुर्चीला पाठ असते हे त्यांना माहीत नसावं. त्या आणि उस्ता इन्शिराह एकमेकींना वीस वर्षं ओळखत होत्या आणि एकदाही भेटल्या नव्हत्या. एकीने पाय शिकवायचे, दुसरीने पायांत जोड घालायचे, आणि मध्ये काही बिघडलं की दोघींनी एकमेकींना नावं ठेवायची, असा करार होता. ती नावं पोचवायला मी होते. इकडची तिकडे.

तो बुधवार मे महिन्यातला. गुरुवारी परीक्षा. कैरोहून परीक्षक येणार होते. नऊ वर्षांच्या मुलांच्या वर्गाची ही परीक्षा म्हणजे चाळण असते. जी पुढे गेली ती गेली, जी राहिली तिला पुन्हा तोच वर्ग नाही, सरळ घर.

शेवटच्या तालमीत मदाम सुहेर लमारपाशी थांबल्या. लमार म्हणजे डॉक्टर रबाबची मुलगी. रबाब फार्मसिस्ट, आणि आमच्याकडे फार्मसिस्टलाही डॉक्टर म्हणतात. लमार बारीक, शांत, मोठ्या डोळ्यांची. कंबर उत्तम, हात उत्तम, तालाला कान सोन्याचे. आणि पाय...

"मूठ!" मदाम ओरडल्या. "पुन्हा मूठ! लमार, पायाची मूठ कुणी करतं का? कुणाला मारायचंय?"

कापडातून दिसत होतं. बोटं आखडलेली, जमिनीत नखं रोवल्यासारखी. मदाम वाकल्या आणि त्यांनी बुटाच्या नाकावर अंगठा दाबला.

"गच्च. ठासून भरलाय. मिस नूरहान, इकडे या, तुम्ही दाबा."

मी दाबलं. खरंच गच्च. आतली बोटं कोंबून बसवल्यासारखी.

"जानेवारीत सांगितलं, मोठा घ्या. घेतला. मार्चमध्ये सांगितलं, मोठा घ्या. घेतला. आणि आज बघा! सात महिन्यांत चार नंबर! ही मुलगी आहे की उंटाचं पिल्लू?" मग आवाज खाली आणून, मला एकटीला, "उद्या हे असे पाय परीक्षकांनी पाहिले तर मी तिच्यासाठी तोंड उघडू शकत नाही. पाय वाकडे म्हणून लिहितील, आणि संपलं. जा. तिच्या आईला घ्या आणि त्या मनशियाच्या बाईकडे जा. म्हणावं, तीनदा लहान जोड दिलास. चौथ्यांदा दिलास तर माझ्या एकाही मुलीचा पाय तुझ्या स्टुलावर येणार नाही."

दुपारी दोनला आम्ही तिघी बोळात पोचलो. डॉक्टर रबाब फार्मसीच्या पांढऱ्या कोटातच. मी निरोप थोडा साखरेत घोळून दिला. थोडाच, कारण उस्ताला साखर कळते.

ती ऐकत राहिली. चहाचा पेला खाली ठेवला.

"तीनदा?"

"तीनदा," मी म्हणाले.

"मी या पोरीला एकदा पाहिलंय. ऑक्टोबरात. तीस नंबर दिला होता, गुलाबी, कातडी. डाव्या पायाची करंगळी जरा बाहेर जाते हिची." तिने लमारचा डावा पाय मांडीवर घेतला, बुटाची टाच पाहिली, शिवण पाहिली. "हा जोड माझा नाही. चौतीस आहे हा. डॉक्टरबाई, हे मॉलमधलं आहे."

डॉक्टर रबाब बोळातल्या रिबिनी बघू लागल्या.

"तीस नंबराचं काय केलंत?"

"भाचीला दिला," त्या म्हणाल्या. "अहो, फारच घट्ट दिसत होता हो! नवा बूट, आणि पोराच्या बोटांना हलायलाही जागा नाही! मग बत्तीस आणला. मदामनीच तर सांगितलं, मोठा घ्या. मग तेहतीस आणला. मग चौतीस. आणि शाळेत सांगितलं तुमच्याकडचेच म्हणून. तुम्ही रागावाल म्हणून..."

"मी रागावेन म्हणून माझं नाव खराब केलंत. फार उपकार झाले."

उस्ताने तो बूट काढला आणि आत बोट घातलं. तिचा चेहरा हळूहळू बदलला, भांड्यात उंदीर सापडलेल्या बाईसारखा. तिने ओढलं. बुटातून कापूस निघू लागला. निघतच राहिला. पांढरा, लुसलुशीत, लांबच लांब.

"अरे देवा," अम्म फतूह पलीकडून म्हणाला. "आत मेंढी आहे."

"निर्जंतुक आहे!" डॉक्टर रबाब अभिमानाने म्हणाल्या. "रोज बदलते."

मला माझ्या अंगठ्याची आठवण झाली. गच्च. ठासून भरलेला. मी आणि मदाम सुहेर, दोघींनी मिळून औषधी कापूस दाबून पाहिला होता आणि पोरीची बोटं म्हणून कीव केली होती.

"लमार," मी विचारलं, "हे कधी सांगितलं का नाहीस गं?"

लमार पहिल्यांदा बोलली. "सगळ्यांच्यात नसतो का?"

उस्ता हसली नाही. तिने डबा ओढला, चौतीस नंबरचा निळ्या नाकाचा जोड काढला, नीळ चोळली, पोरीला मोजे चढवले. "उभी राहा, चिमणे. गुडघे वाक."

लमारने प्लिए केलं. मी खाली वाकून पाहत होते. टाच बुटात मागे सरकली, आणि त्याच क्षणी बोटं आखडली. घट्ट, पकडल्यासारखी.

"बोटं का वाकवलीस?"

"बूट निघून जाईल ना."

  उस्ताने जोड काढून मोजा वर धरला. टोकं पांढरी स्वच्छ.

"ऐकलंत, डॉक्टरबाई? बूट निघून जाईल. पोरगी सात महिने बोटांनी बूट धरून नाचतेय. बोटं आखडली म्हणून तुमच्या मदामना वाटलं बूट लहान. मोठा आणला, तर धरायला आणखी जोर लागला. बोटं आणखी आखडली. आणखी मोठा आणला. परीक्षा नसती तर पुढच्या वर्षी पोर पेटीत उभी राहून नाचली असती."

"पण कापूस होता ना भरायला!"

"कापूस भिंत नसते. पाय पुढे गेला की तो मागे हटतो. बोट टेकवायला काहीतरी ठाम लागतं, मगच ते सरळ पडतं."

मग तिने तीस नंबरचा जोड काढला. खरं सांगायचं तर मला वाटलं ती आता विजयी मुद्रेने मोजा दाखवणार. पण मोजा निघाला आणि निळे डाग बोटांच्या पेरांवर होते, टोकांच्या वर. उस्ताने ते नीट पाहिले आणि सगळ्यांना दाखवले, स्वतःचा गुन्हा असल्यासारखे.

"तीसही आता लहान झाला. मी दिला तेव्हा नीट होता. पण पाय वाढणारा आहे. म्हणून मी सांगते, दर तीन महिन्यांनी पाय घेऊन या. विकत घ्यायला नका येऊ, नुसतं दाखवायला या. तुम्ही आलात का?"

"नाही."

"का?"

 डॉक्टर रबाबनी एकदम पायातला सँडल काढला आणि उजवा पाय वर केला, सरळ उस्ताच्या नाकासमोर. "हे बघा! ही करंगळी बघा!"

करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसली होती, बसमध्ये जागा न मिळालेल्या माणसासारखी.

"माझ्या मोठ्या बहिणीचे शाळेचे बूट. तिच्यापेक्षा माझा पाय मोठा, पण बूट तिचे आधी म्हणून माझे नंतर. चार वर्षं घातले. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या मुलीच्या बोटाला कशाचाही स्पर्श होऊ द्यायचा नाही. फ्रॉक दोन नंबर मोठा, कोट दोन नंबर मोठा, बूट तर... मी काय मुद्दाम केलं?"

उस्ता त्या करंगळीकडे आदराने बघत राहिली, जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी. मग तिने वाकून आपली चप्पल काढली.

"आता हे बघा."

तिची बोटं, सगळीच्या सगळी, मधल्या पेरात वाकलेली. पक्ष्याच्या नख्यांसारखी.

"मी पण जात होते बॅलेला. आठ महिने. गंमत वाटते ना? अख्ख्या शहराचे पाय बापाच्या हातात, आणि पोरीला मात्र त्याने उरल्यासुरल्या कातड्याचा एक जोड शिवून दिला, दोन वर्षं पुरेल असा. पुढे कागद कोंबला. लाडाने हो! कुणी गरीब म्हणू नये म्हणून वर फूलही शिवलं. मी बोटांनी धरून नाचायचे. रशियन बाई म्हणाल्या, ही मुलगी पोपटासारखी दांडी पकडते, हिला घरी न्या." तिने चप्पल पुन्हा घातली. "बाप मरेपर्यंत म्हणायचा, त्या बाईला पायातलं काही कळत नव्हतं."

दोन बायका, एकीचा पाय हवेत, एकीचा चपलेत, एकमेकींकडे बघत होत्या. बोळातून एक नवरी आणि तिच्या चार मावश्या लेस बघत चालल्या होत्या. त्यांनी हे दृश्य पाहिलं आणि वेग वाढवला.

"पण तरी," डॉक्टर रबाब म्हणाल्या, "थोडी जागा तर..."

उस्ताने मागे हात घातला आणि दुरुस्तीला आलेला एक पुरुषी जोड काढला. पंचेचाळीस नंबर, होडीएवढा. "घाला."

"मी?"

"दोन्ही. आणि त्या रिबिनवाल्यापर्यंत जाऊन या. टाच काढायची नाही बाहेर."

डॉक्टर रबाब निघाल्या. पांढरा कोट, आणि खाली ते बूट. फटाक, फटाक, फटाक. बोळ थांबला. "डॉक्टर, मिस्टर घरी अनवाणी आहेत का?" अम्म फतूहने विचारलं. त्या रिबिनवाल्यापर्यंत पोचल्या, वळल्या, आणि अर्ध्या वाटेत थबकल्या. खाली बघू लागल्या.

"काय करतायत तुमची बोटं?" उस्ताने इथूनच हाक मारली.

डॉक्टर रबाब अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "धरून ठेवतायत."

त्या परत आल्या त्या बूट हातात घेऊन, अनवाणी.

एकतीस नंबरचा निळ्या नाकाचा जोड बसला. मोज्यावर अंगठ्याच्या आणि दुसऱ्या बोटाच्या टोकाला सुंदर गोल ठिपके, पुढे तिसऱ्याला एक पुसट. ताणलेल्या टाचेमागे नखाएवढी चिमूट. उस्ताने तो मोजा मला दाखवला, लमारला दाखवला, आईला दाखवला, अम्म फतूहलाही दाखवला.

"एकतीस," ती म्हणाली, वर खोक्यांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला.

गुलाबी एकतीस नव्हता. परीक्षेचा आठवडा. तीस ते तेहतीस गुलाबी सगळे संपलेले. तिने अकरा खोकी उघडली. एक काळा एकतीस मुलांचा, एक पांढरा एकतीस मुलांचा, कॅनव्हासचा. आणि शाळेचा नियम असा की मुलींचे शूज टाइट्सच्या रंगाचे, गुलाबीच. पाय आणि पाऊल एका रेषेत दिसायला हवं.

"पांढरा घालून जाऊ दे," डॉक्टर रबाब म्हणाल्या.

"मदाम सुहेर दारातूनच परत पाठवतील," मी म्हणाले. मला त्यांची पाठ दिसत होती.

"रंगवा मग!"

"कपड्याचा रंग रात्रभरात वाळत नाही आणि कॅनव्हास आटतो. आटला की तीस झाला." उस्ताने पांढरा जोड मांडीवर ठेवला आणि पहिल्यांदाच मला ती म्हातारी दिसली. लमार स्टुलावर गप्प बसली होती. मोज्यातली बोटं पसरून बघत होती, नवीन खेळणं मिळाल्यासारखी.

मग उस्ताने मान वर केली. "डॉक्टरबाई. घामोळ्याला लावतात ते गुलाबी औषध तुमच्याकडे आहे का?"

"कॅलामाइन? एक कपाटभर आहे. का?"

"जुन्या नर्तकी चकचकीत शूज फिके करायला लावायच्या. माझा बाप बाटल्या आणून द्यायचा त्यांना. पातळ लावलं तर लगेच वाळतं, आत मुरत नाही, वरवर बसतं."

डॉक्टर रबाब धावल्या. मी त्या बाईंना कधी धावताना पाहिलं नव्हतं. वीस मिनिटांत त्या चार बाटल्या आणि स्पंज घेऊन आल्या, आणि आल्याबरोबर सूत्रं हातात घेतली. "बाटली आधी हलवायची. जोरात. खाली साका बसतो. आता पातळ थर. पातळ! मलम नाही फासायचं. वाळू द्या, मग दुसरा."

"दिवसातून किती वेळा? जेवणाआधी की नंतर?" उस्ताने विचारलं.

"तुम्ही बूट धरा."

बूट उस्ताच्या हातात, स्पंज डॉक्टरच्या. एकीने फिरवायचं, दुसरीने टिपायचं. नाडी बाहेर काढून ठेवली, तळाला लागू दिलं नाही. थर वाळला की अम्म फतूहच्या बटणांच्या परातीवर, उन्हाच्या पट्ट्यात. तो कुरकुरला, पण त्याने परात स्वतः सरकवली, ऊन सरकेल तशी. चौथ्या थराला पांढरा जोड असा गुलाबी झाला, की मी शपथेवर सांगते, टाइट्सशेजारी धरला तर वेगळा दिसेना. वास मात्र दवाखान्याचा.

निघताना उस्ताने लमारची हनुवटी धरली. "हे बघ चिमणे, उद्या बोटं आपोआप धरायला जातील. सवय आहे त्यांना. तेव्हा त्यांना सांग, बूट कुठे जात नाही. पुढे भिंत आहे. खिडकीला नाक लावून बाहेर बघतो ना आपण, तसं टेकायचं. टेकायचं, ढकलायचं नाही."

गुरुवारी सकाळी परीक्षेच्या खोलीत तीन परीक्षक, मदाम सुहेर आणि कोपऱ्यात हजेरीपट घेऊन मी. मी आदल्या संध्याकाळी मदामना फोन करून कापसाची गोष्ट सांगितली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "मी दाबून पाहिला होता." आणि फोन ठेवला.

पहिलं प्लिए. मी लमारचे पाय सोडून काहीही बघत नव्हते. गुडघे वाकले, आणि बोटं आखडली. परीक्षकांपैकी चष्मेवाल्या बाईंनी पेन उचललं. मदाम सुहेरच्या मानेची शीर दिसू लागली.

दुसरं प्लिए. लमारने ओठ हलवले. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. कापडाखाली बोटं सुटली, एकेक करून, कोंबडीच्या पंखाखालून पिल्लं बाहेर यावीत तशी, आणि आडवी पडली. बाईंचं पेन हवेतच राहिलं. तिसरं, चौथं. नंतर उड्या. प्रत्येक उडीबरोबर तिच्या पायांतून गुलाबी धुरळा उडत होता, अगदी बारीक. चष्मेवाल्या बाईंना शिंक आली.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"पावडर," मदाम सुहेर निर्विकारपणे म्हणाल्या. "या मुलीला घाम फार येतो."

मदामनी मुलीसाठी खोटं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

निकाल दुपारी लागला. डॉक्टर रबाब लमारला घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. मी त्यांना सांगितलं, त्यांनी माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. मग आम्ही ट्रामने मनशियाला गेलो. उस्ता चहा पीत होती. पेल्यातला चमचा उगाच ढवळत होती. सकाळपासून तिने एकही गिऱ्हाईक घेतलं नव्हतं, हे अम्म फतूहने आम्हाला बोळाच्या तोंडाशीच सांगितलं.

मी तोंड उघडणार, तर तिने हात वर केला. "थांब. बूट."

लमारने पिशवीतून जोड काढून दिला. उस्ताने तो उजेडाकडे धरला आणि आत पाहिलं. पुढे, अगदी नाकाशी, तळाच्या अस्तरावर घामाचे ठसे उमटले होते. एका ओळीत, सपाट, गोल. तिने त्यांवरून बोट फिरवलं, एक, दोन, तीन, चार, पाच. मागे, जिथे पकडलेली बोटं टेकतात तिथे, फक्त एक पुसट डाग. पहिल्या प्लिएचा असावा.

"घेतलं तिला," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

"घेतलं," मी म्हणाले. "पण लिहिलंय, बोटांकडे लक्ष ठेवावं."

"ते माझंच काम आहे." आणि मग तिने इतक्या जोरात नाक शिंकरलं की अम्म फतूहची दोन बटणं घरंगळली. "ऑगस्टमध्ये घेऊन या, डॉक्टरबाई. विकत घ्यायला नाही. दाखवायला."

"येते ना," डॉक्टर रबाब म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या. "उस्ता, एक विचारू? रागावू नका. घरी माझ्याकडे बत्तीस, तेहतीस आणि चौतीस, तिन्ही जोड आहेत. जवळजवळ नवे. पाय वाढला की क्रमाने चालतील ना?"

उस्ताने आपली करंगळी वर केली. काही क्षण तिच्या नखाकडे बघितलं. मग करंगळी खाली घेतली.

"घेऊन या," ती म्हणाली. "कापूस काढून."